अकरा हजार फॉलोअर आणि पासष्ट किलो उरलेली भाजणी

चिंचवडच्या एका काकूंच्या इन्स्टाग्राम अकाउंटची ही हकिगत. काकू घरून भाजणी, गोडा मसाला, मेतकूट विकतात. मी छोट्या व्यवसायांची सोशल मीडियाची कामं बघते. त्या माझ्याकडे आल्या त्या दिवाळी २०२४ संपल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास. येताना ऑर्डरची वही आणि एक प्रश्न घेऊन आल्या. "अगं, मागच्या वर्षी अठराशे लोक होते तर भाजणी पुरली नाही. यंदा बारा हजार झाले आणि पासष्ट किलो घरात पडून आहे. असं कसं?"

नाव-गाव सोडून बाकी सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. आकडे त्यांच्या वहीतले आणि अकाउंटच्या इनसाइट्समधले आहेत.

आधी काय होतं

मे २०२४ मध्ये अकाउंटवर १,८४० फॉलोअर होते. पाच वर्षांत एकेक करून जमलेले. कोणी सोसायटीतलं, कोणी मुलीच्या ऑफिसातलं, कोणी प्रदर्शनात पाकीट घेऊन गेलेलं. पोस्टला शंभरएक लाइक यायचे. रील साधारण २,८०० जणांपर्यंत पोचायचं आणि त्यातले निम्म्याहून जास्त फॉलोअर नसलेले असायचे. महिन्याला चाळीस-पंचेचाळीस ऑर्डर इन्स्टावरून येत. घरगुती धंद्याला हे उत्तम होतं, पण त्या वेळी तसं कोणालाच वाटत नव्हतं.

ठिणगी पडली ती एका प्रदर्शनाच्या फॉर्मवर. स्टॉलसाठी अर्ज भरताना एक रकाना होता: फॉलोअर किती? काकूंनी खरा आकडा लिहिला आणि त्यांना स्टॉल मिळाला नाही. नकाराचं कारण तेच होतं की नाही, कोणी सांगितलं नाही. पण भाच्याने ते मनावर घेतलं. जूनमध्ये त्याने एका पॅनेलवरून, म्हणजे फॉलोअर-लाइक विकणाऱ्या वेबसाइटवरून, १०,००० फॉलोअर घेतले, २,४०० रुपये यूपीआयने भरून. जाहिरातीत लिहिलं होतं: 'रियल इंडियन, नॉन-ड्रॉप, ३० दिवस रीफिल'. नॉन-ड्रॉप म्हणजे घेतलेले फॉलोअर गळणार नाहीत आणि रीफिल म्हणजे गळलेच तर तीस दिवस भरून देऊ. या दोन गोष्टी एकाच ओळीत का लिहाव्या लागतात, हा विचार त्याच्या मनात आला नाही. माझ्याही आला नसता.

११ ते १३ जून या तीन दिवसांत आकडा ११,८०० च्या पुढे गेला. घरात पेढे वाटले गेले. खरंच वाटले.

एक झाकायला दुसरं

आठवड्यात एक अडचण दिसली. फॉलोअर जवळजवळ बारा हजार आणि लाइक तेवढेच, शंभर. प्रोफाइलवर येणाऱ्या कोणालाही ही विसंगती दिसते. एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी तर सरळ विचारलं, "अकाउंट विकलंत का?"

मग जुलैमध्ये काकू एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेल्या. 'एकमेकींना सपोर्ट' अशा नावाचा, ६२ जणींचा. नियम ठरलेले होते. रात्री आठला प्रत्येकीने आपल्या पोस्टची लिंक टाकायची आणि दहाच्या आत बाकी सगळ्यांच्या पोस्टवर लाइक, सेव्ह आणि किमान चार शब्दांची कमेंट करायची. तीन दिवस चुकलं की ग्रुपमधून बाहेर. ग्रुपमध्ये नाशिकच्या मेंदीवाल्या होत्या, सुरतेच्या मेणबत्तीवाल्या, इंदूरच्या बाळाच्या कपड्यांच्या, रेझिनचे कोस्टर करणाऱ्या चौघीजणी आणि नवी मुंबईतल्या एक फ्लॅट विकणाऱ्या बाई. सगळ्या कष्टाळू आणि सज्जन. आणि यांपैकी एकीलाही चकलीची भाजणी नको होती.

एकसष्ट पोस्ट, प्रत्येकीला दीड मिनिट धरलं तर रोजचा दीड तास होतो. महिन्याचे पंचेचाळीस तास. हा खर्च काकूंच्या वहीत कुठेच नव्हता, मीच तो काढून दाखवला. त्या म्हणाल्या, "एवढ्या वेळात मी पंचवीस किलो भाजून काढलं असतं." माझ्या मते ते पंचवीस किलो कमीच धरलेत.

लाइक मात्र वाढले. शंभराचे एकशेसाठ झाले आणि कमेंटचा पाऊस पडू लागला. 'वा ताई खूप छान', 'मस्त दिसतंय मला हवंय', 'अप्रतिम काम करता तुम्ही'. मोजून चार शब्द.

तपासणी

मी सुरुवात फॉलोअरच्या यादीने केली नाही, इनसाइट्समधल्या शहरांपासून केली. प्रोफाइलच्या इनसाइट्समध्ये फॉलोअरची शहरं, वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण दिसतं. काकूंकडे आधीचे स्क्रीनशॉट होते. मुलगी प्रदर्शनासाठी काढून ठेवायची. तेव्हा वरची पाच शहरं होती पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे आणि नाशिक, आणि जास्त करून तिशी ते पन्नाशीतल्या बायका. आता पहिल्या पाचात पुणे चौथं होतं. बाकीच्या चार शहरांत काकू पार्सलसुद्धा पाठवत नव्हत्या. वयोगट झाला होता १८ ते २४, बहुतेक पुरुष. चकली भाजणीच्या अकाउंटला!

मग रील बघितले. सप्टेंबरमधल्या रीलचा सरासरी रीच, म्हणजे ते किती जणांपर्यंत पोचलं तो आकडा, होता ९००. म्हणजे लाइक वाढले आणि रीच तिपटीने घसरला. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, हे कळलं की बाकी सगळं कळतं, म्हणून इथे जरा थांबते.

इन्स्टाग्राम सगळ्या फॉलोअरना सगळं दाखवत नाही. प्रत्येक बघणाऱ्यासाठी ते अंदाज बांधतं की ही व्यक्ती हे बघेल का, लाइक करेल का, कोणाला पाठवेल का. हा अंदाज आजवर कोणी काय केलं त्यावरून बांधला जातो. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की सर्वांत महत्त्वाचे संकेत तीन: रील किती वेळ बघितलं, पोचलेल्यांपैकी कितींनी लाइक केलं आणि कितींनी पुढे पाठवलं. अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर त्यातलं पाठवणं जास्त वजनाचं.

आता ग्रुपमधल्या बायका काय करत होत्या ते बघा. लिंक उघडायची, रील दोन-तीन सेकंदच बघायचं, लाइक, सेव्ह, कमेंट आणि बाहेर, कारण पुढच्या साठ बाकी आहेत. काकूंच्या रीलचा सरासरी बघण्याचा वेळ मे महिन्यात ११ सेकंद होता, सप्टेंबरमध्ये ४. पुढे पाठवणं जवळपास शून्य. मेंदीवाली आपल्या बहिणीला भाजणीचं रील कशाला पाठवेल? शिवाय ज्या लोकांना हे आवडतं असं इन्स्टाला दिसत होतं, ते होते मेंदी, रेझिन आणि मेणबत्तीवाले. मग रील आणखी त्यांच्यासारख्यांनाच दाखवलं जाणार. ते अंगठ्याने वर सरकवून पुढे जातात आणि अंदाज आणखी बिघडतो.

याचा पुरावा एका जागी डोळ्यांना दिसला. कुठल्याही प्रोफाइलवर 'फॉलो' बटणाशेजारी एक छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की 'तुमच्यासाठी सुचवलेली' अकाउंटं दिसतात. माझ्या फोनवरून काकूंच्या प्रोफाइलवर ते दाबलं. पहिल्या आठांत मेंदीची तीन अकाउंटं, रेझिनची दोन, बाळाच्या कपड्यांचं एक. मसाले, पापड, लोणचं यातलं फक्त एक. इन्स्टाच्या लेखी काकू आता हस्तकलेच्या दुकानदार होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि पाणी मागितलं.

विकत घेतलेल्या दहा हजारांबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा उलटी सांगितली जाते. जी अकाउंटं निर्जीव असतात, ज्यांमागे ॲप उघडणारं कोणी नसतं, त्यांना रील दाखवलंच जात नाही. त्यामुळे त्यांच्याकडून रीचचं थेट नुकसान लोक समजतात तेवढं होत नाही. नुकसान करतात ती अर्धी-जिवंत अकाउंटं. 'फुकट फॉलोअर मिळवा' म्हणणाऱ्या ॲपमध्ये पोरंटोरं आपला पासवर्ड देऊन बसतात आणि त्यांच्या अकाउंटवरून परस्पर दुसऱ्यांना फॉलो केलं जातं. 'रियल इंडियन' म्हणून विकले जातात ते बहुतेक हेच. त्यांच्या फीडमध्ये काकूंची भाजणी येते आणि ती पोरं ती न बघता पुढे जातात.

भाच्याला वाटत होतं की अकाउंटवर 'शॅडोबॅन' लागला आहे, म्हणजे इन्स्टाने न सांगता त्याच्या पोस्ट लोकांना दाखवणं कमी केलं आहे. आम्ही सेटिंग्जमध्ये `Account Status` उघडून बघितलं. तिथे आपल्या अकाउंटवर कुठली कारवाई झाली आहे का आणि पोस्ट फॉलोअर नसलेल्यांना सुचवल्या जातात का, ते दिसतं. सगळं हिरवं होतं. कोणी शिक्षा केलेली नव्हती. शिक्षा झाली असती तर ती निदान दिसली असती, तिच्याविरुद्ध दादही मागता आली असती.

खरा खड्डा: बूस्ट आणि दळण

रीच घसरण्याने काकूंचं नुकसान झालं, पण पासष्ट किलो उरले ते दोन निर्णयांमुळे.

पहिला निर्णय जाहिरातीचा. ऑक्टोबरमध्ये त्यांनी चकली भाजणीच्या पोस्टखालचं `Boost post` दाबलं. प्रेक्षक निवडायला सांगतात तिथे आधीपासून `Automatic` निवडलेलं असतं. तुमच्या फॉलोअरसारख्या लोकांना जाहिरात दाखवा, असा त्याचा अर्थ. २०२३ मध्ये फॉलोअर खरे असताना काकूंनी हेच केलं होतं. ६,००० रुपयांत ३८ ऑर्डर आल्या, सरासरी ६२० रुपयांच्या. म्हणजे तेवीस हजारांच्या वर विक्री. २०२४ मध्ये त्यांनी हिंमत करून १८,००० घातले. या वेळी 'फॉलोअरसारखे लोक' म्हणजे कुठल्या तरी दूरच्या शहरातली विशीतली मुलं. जाहिरात स्वस्तात फिरली, प्रोफाइलला सहा हजारांवर भेटी आल्या, २१२ मेसेज आले. त्यातले बहुतेक 'हाय', 'प्राइस?' किंवा नुसता अंगठा. ऑर्डर आल्या ११. साधारण सात हजार रुपयांच्या.

भाचा त्या आठवड्यात खूश होता, कारण स्क्रीनवर प्रत्येक आकडा मागच्या वर्षीपेक्षा मोठा होता. ऑर्डर सोडून.

दुसरा निर्णय दळणाचा. नवरात्रात काकूंनी स्टोरीवर विचारलं होतं, 'दिवाळीला चकली भाजणी हवी का?' १४० जणींनी 'हो' दाबलं. त्या भरवशावर १५० किलोचं धान्य भाजून दळून घेतलं. नंतर आम्ही ती १४० नावं एकेक करून बघितली. स्टोरी चोवीस तासांत जाते, पण संग्रहात राहिली तर कोणी काय दाबलं ते नंतरही बघता येतं. त्यातल्या ५७ ग्रुपमधल्या होत्या. त्यांनी सपोर्ट केला होता, बस्स. उरलेल्यांतही ओळखीची गिऱ्हाइकं तीसेकच निघाली. शेवटी ८५ किलो खपलं. उरलेली भाजणी एका पोळी-भाजी केंद्राला जवळजवळ धान्याच्या भावात द्यावी लागली. ते त्याची थालीपीठं लावणार होते. चकलीच्या भाजणीचं थालीपीठ जरा कडकच होतं, हे काकूंनी प्रामाणिकपणे त्यांना सांगितलंही.

माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महागडं नुकसान हेच आहे. रीच परत मिळवता येतो. पण गिऱ्हाइकाला काय हवं, किती हवं हे ज्या काट्यावर मोजायचं तोच काटा बिघडला होता, आणि तो बिघडलाय हे दिवाळी होईपर्यंत कळलं नाही.

दुरुस्ती

नवीन अकाउंट उघडावं का, हा पहिला प्रश्न होता. खरे फॉलोअर शे-दोनशे असते तर मी हो म्हटलं असतं. इथे अठराशे होते, पाच वर्षांचे मेसेज होते आणि अकाउंटचं नाव दोन हजार छापील पाकिटांवर होतं. म्हणून जुनंच साफ करायचं ठरवलं.

आधी कुलपं. भाच्याने मध्यंतरी 'फ्री लाइक'चं एक ॲप जोडलं होतं आणि त्याला काकूंचा पासवर्ड दिला होता. म्हणजे काकूंच्या अकाउंटवरूनही कोणाकोणाला फॉलो केलं जात होतं. पासवर्ड बदलला, जोडलेली ॲप काढली, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. अशा ॲपमधून येणारे खोटे लाइक आणि फॉलो काढून टाकायला इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्येच सुरुवात केली होती आणि अशी ॲप वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. भाचा म्हणाला, "मला तर वाटलं हे कोणाला कळत नाही."

त्याने मग दबक्या आवाजात विचारलं, "हे बेकायदा आहे का?" इन्स्टाग्रामच्या नियमांत बसत नाही, हे तर नक्कीच. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने जुलै २०२० मध्ये खोटे फॉलोअर विकणाऱ्यांचा तपास केला होता. त्याची सुरुवात एका गायिकेच्या नावाने उघडलेल्या बनावट प्रोफाइलच्या तक्रारीतून झाली. अमेरिकेत तर धंद्यासाठी असे खोटे फॉलोअर जाणूनबुजून विकण्या-घेण्यावर बंदी घालणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला, नेमकी काकूंची जाहिरात चालू होती तेव्हा. चिंचवडच्या काकूंना तो लागू नाही, पण भाच्याचा चेहरा उतरायचा तेवढा उतरला.

नंतर साफसफाई. 'नॉन-ड्रॉप' असूनही दहा हजारांतले ३,७०० नोव्हेंबरपर्यंत आपोआप गळले होते. रीफिलचे तीस दिवस कधीच संपले होते. उरलेले ६,३००. फॉलोअरच्या यादीत वर `Flagged for review` असा भाग दिसत होता, म्हणजे इन्स्टालाच संशयास्पद वाटलेली अकाउंटं. ती एकदम काढता येतात. त्यात १,१०० गेले. राहिलेले ५,२०० हाताने.

पण खरे कोणते आणि विकतचे कोणते? नावावरून ओळखायला गेलं तर चुका होतात. फोटो नसलेली, एकही पोस्ट नसलेली कितीतरी अकाउंटं काकूंच्या खऱ्या गिऱ्हाइकांची आहेत. साठीतल्या बायका पोस्ट कुठे टाकतात? म्हणून आम्ही इन्स्टाग्रामकडून अकाउंटची माहिती डाउनलोड केली. अकाउंट सेंटरमधून ती मागवता येते आणि एचटीएमएल स्वरूपात घेतली तर सरळ ब्राउझरमध्ये वाचता येते. त्यातल्या `followers_1.html` या फाइलमध्ये प्रत्येक फॉलोअरच्या नावाखाली त्याने कधी फॉलो केलं ती तारीख आणि वेळ असते. ११ ते १३ जूनचा ढीग तिथे स्पष्ट दिसला. एका मिनिटाला चाळीस-चाळीस जण, पहाटे साडेतीनलासुद्धा. पहाटे साडेतीनला भाजणीवाल्या काकूंना फॉलो करणारे एवढे लोक जगात नाहीत.

त्या यादीवरून भाचा रोज दीडशे जण काढत गेला. काढलेल्याला तसं कळवलं जात नाही, त्यामुळे चुकून कोणी खरं गेलं तरी वितुष्ट येत नाही. 'हजार फॉलोअर एका क्लिकमध्ये काढा' अशी ॲप मिळतात, ती वापरू दिली नाहीत. त्यांना पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो, आणि घाईने एवढं काही केलं की इन्स्टाग्राम अकाउंटच थोपवून ठेवतं. पस्तीस दिवसांचं काम होतं, खाडे धरून जानेवारीच्या मध्यापर्यंत गेलं. भाच्याची ती शिक्षाच होती म्हणा.

ग्रुप सोडणं जास्त अवघड गेलं. काकूंनी चार ओळी लिहून निरोप घेतला. एकीने उत्तर दिलं, "मोठ्या झालात आता, आमची कशाला गरज." काकू दोन दिवस अस्वस्थ होत्या. मी त्यांना म्हटलं, त्यातल्या ज्या तुमच्या मैत्रिणी झाल्यात त्यांना फोन करा, त्यांचा माल आवडला तर विकत घ्या. रात्री आठच्या लिंका मात्र नकोत. ग्रुपमधल्या ४१ जणींनी अनफॉलो केलं. जानेवारीअखेर आकडा होता १,८९१.

त्याऐवजी काय केलं

साफसफाईने रीच उसळला नाही. फेब्रुवारीत रील अजूनही हजार-बाराशेलाच अडकत होतं. सुधारणा मार्च-एप्रिलमध्ये दिसू लागली. तोवर मजकूरही बदलला होता, त्यामुळे किती श्रेय कशाला ते वेगळं काढता येत नाही.

मजकूर बदलला म्हणजे काय, तर काकूंच्या व्हॉट्सॲपमधले तीन महिन्यांचे मेसेज वाचून काढले. गिऱ्हाइकं तीच ती विचारत होती. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न: 'काकू, चकली तेलात विरघळतेय, काय चुकलं?' याआधी काकू यावर प्रत्येकीला तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायच्या आणि इन्स्टावर मात्र पाकिटांचे फोटो टाकायच्या.

आम्ही एक रील केलं. त्यात काकूंनी मुद्दाम मोहन जास्त घालून चकली पाडली आणि तळायला सोडली. कढईत ती डोळ्यांदेखत सुटी होऊन तिचा चुरा झाला. शेजारी योग्य मोहनाची, अखंड. मग मोहन कमी पडलेली, दगडासारखी, जी त्यांनी ओट्यावर टक् टक् आपटून दाखवली. चाळीस सेकंद, संगीत नाही, फक्त कढईचा आणि काकूंचा आवाज. रील गणपतीच्या आधी टाकलं, कारण भाजणीचा विचार तेव्हापासून सुरू होतो. त्याला लाइक १८० च होते. पण ६४० जणींनी ते पुढे पाठवलं. कोणी जावेला, कोणी परदेशातल्या मुलीला. रीच एकोणीस हजारांवर गेला आणि इनसाइट्समध्ये शहरं परत पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई दिसू लागली. सुचवलेल्या अकाउंटांच्या यादीत मी परत डोकावले: मसाले, लोणची, दिवाळी फराळ. मेंदीचं एकच उरलं होतं.

ग्रुपची जागा दोनच जणांनी घेतली. तुळशीबागेतला एक भांड्यांचा दुकानदार, जो पितळी सोऱ्या विकतो, आणि थेरगावची एक फराळवाली. दोघांबरोबर एकेक सामाईक पोस्ट केली, जी दोन्ही अकाउंटांवर दिसते. सोऱ्या घेणाऱ्याला भाजणी लागते, म्हणून इथे जोडी जमते. ज्याचं गिऱ्हाईक आपलं गिऱ्हाईक होऊ शकतं त्याच्याशीच हे करायचं, हा एकच निकष ठेवला. म्हणून इंदूरच्या बाळाच्या कपड्यांशी सामाईक पोस्ट केली नाही.

बूस्ट करताना `Automatic` काढलं. प्रेक्षक हाताने भरले: पुणे आणि पिंपरी-चिंचवड, २८ ते ६०, बायका, आणि जाहिरात दाबली की थेट व्हॉट्सॲप उघडणारी. रोज ३५० रुपये, वीस दिवस, म्हणजे ७,०००. आणि दळणाचा अंदाज स्टोरीवरच्या 'हो'वरून घेणं बंद केलं. नोंदणीला शंभर रुपये आगाऊ घेतले, बिलातून वजा करण्याच्या बोलीवर. काकूंना वाटलं होतं लोक नाराज होतील. ११६ जणींनी पैसे भरले, एकीने कुरकुर केली.

२०२५ च्या दिवाळीत जाहिरातीतून ४४ ऑर्डर आल्या. दळण १२० किलोचं, उरलं आठ किलो. ऑक्टोबरअखेर फॉलोअर २,६१०.

आता काकूंच्या वहीत दर ऑर्डरपुढे एक रकाना वाढलाय: 'कुठून कळलं'. भाचा तो महिनाअखेरीला मोजतो आणि फॉलोअरचा आकडा त्या पानावर लिहीतच नाही.

डिसेंबरमध्ये त्याच प्रदर्शनाचा फॉर्म परत आला. फॉलोअर किती, हा रकानाही तसाच होता. काकूंनी २,६६० लिहिलं आणि सोबत आगाऊ नोंदणीच्या पानाचा फोटो जोडला. स्टॉल मिळाला. कोपऱ्यातला, जनरेटरच्या बाजूला.